कोर्स पूर्ण झाल्याच्या पोस्टवर अभिनंदन करताना 'कोर्स कसा होता' हे कसं विचारावं?

मकरपुरा_क्यूए

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका कारखान्यात सप्लायर क्वालिटीचं काम बघतो. आमच्याच विभागातल्या एका ताईंनी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरचा आयआयटी खरगपूरचा सिक्स सिग्मा, म्हणजे आकडेवारीने दर्जा सुधारायच्या पद्धतीचा, 12 आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला. काल त्यांनी लिंक्डइनवर प्रमाणपत्राचा फोटो टाकलाय. असाइनमेंटचे 25 पैकी 22, परीक्षेचे 75 पैकी 54, एकूण 76, म्हणून इलाइट आणि सिल्व्हर. वर दोन ओळी लिहिल्यात: घर आणि नोकरी सांभाळून पूर्ण केला, घरच्यांचे आभार.

मला जुलैच्या सत्रात हाच कोर्स करायचा आहे. ताईंचं कौतुक तर करायचंच आहे, पण कोर्स प्रत्यक्षात कसा आहे तेही त्यांच्याकडूनच कळायला हवं. कारण आमच्याच लाइनवर काम करून त्यांनी तो केलाय. मी हे लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही:

"अभिनंदन ताई! ग्रीन बेल्ट झालात! कोर्स खरंच उपयोगी आहे का? रोज किती तास लागले? पेपर कठीण होता का? मिनीटॅब कुठून घेतलंत? नोट्स असतील तर पाठवाल का?"

काहीतरी खटकतंय. काय बदलू?

सयाजीगंजकर

अहो, कमेंटमध्ये फक्त अभिनंदन लिहा आणि थांबा. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर विचारा. कमेंट ही शुभेच्छांची जागा आहे, चौकशीची नाही. आणि 25 पैकी 22 बघून दिपून जाऊ नका, असाइनमेंटचे मार्क सगळ्यांनाच मिळतात.

दांडियाबाजार

सयाजीगंजकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. यातले काही प्रश्न खासगीतच विचारायला हवेत, ते कोणते ते पुढे सांगतो. पण कमेंटमध्ये प्रश्नच नको हे पटत नाही. अशा पोस्टखाली 'अभिनंदन' आणि फुलांचे गुच्छ पन्नास येतात, आणि त्या प्रत्येकाला ताई 'धन्यवाद' एवढंच लिहू शकतात. नेमका एक प्रश्न आला तर आपण काय शिकलो ते चारचौघांत सांगायची संधी त्यांना मिळते. प्रमाणपत्राच्या फोटोतून ते दिसत नाही.

आता तुमचा मसुदा. पहिली चूक 'ग्रीन बेल्ट'. ती सिक्स सिग्मातली वेगळी मिळवायची पातळी आहे. एनपीटीईएलचं प्रमाणपत्र म्हणजे ग्रीन बेल्ट नव्हे. तो विषयाचा कोर्स आहे आणि त्यावर कुठेही बेल्ट लिहिलेला नसतो. एएसक्यू या अमेरिकेतल्या गुणवत्ता संस्थेच्या ग्रीन बेल्ट परीक्षेला बसायला 3 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ती वेगळीच वाट. तुम्ही जाहीरपणे 'ग्रीन बेल्ट झालात' लिहिलंत की ताईंपुढे दोनच पर्याय उरतात. एक तर सगळ्यांसमोर तुमची चूक दुरुस्त करायची, नाहीतर गप्प बसून न मिळवलेली पदवी अंगावर घ्यायची. उद्या त्यांच्या ओळखीतला एखादा ऑडिटर तेच वाचेल. त्यांनी पोस्टमध्ये जे लिहिलंय तेवढंच म्हणा: सिक्स सिग्माचा कोर्स, सिल्व्हर.

दुसरं, जे फोटोत दिसतंय किंवा कोर्सच्या पानावर लिहिलेलं आहे ते विचारू नका. पेपर कसा गेला हे 54 वरून कळतंच. कोर्सच्या पानावर आठवड्यागणिक विषय दिलेले असतात. व्हिडिओ 12 आठवड्यांचे मिळून साधारण 30 तासांचे, म्हणजे आठवड्याला अडीच-तीन तास. हे वाचायला दहा मिनिटं लागतात. ते वाचून विचारलेल्या प्रश्नाची जातच वेगळी असते. 'किती तास लागले' याऐवजी 'व्हिडिओंशिवाय आणखी किती वेळ द्यावा लागला' असं विचारलंत, तर ताईंना लगेच कळतं की या माणसाने आधी बघून ठेवलंय.

ग्वाल्हेरची_मेधा

मी प्रशिक्षण विभागात काम करते, त्यामुळे अशा पोस्टखालच्या कमेंट रोज वाचते. दांडियाबाजार यांना एक जोडते.

'कोर्स उपयोगी आहे का' याला जाहीर उत्तर एकच असू शकतं: हो. ज्या बाईने काल आनंदाने फोटो टाकला ती आज त्याच फोटोखाली 'तसा काही उपयोग नाही' कशी लिहील? म्हणजे हा प्रश्न विचारून तुमच्या हाती काहीच लागत नाही. वर वाचणाऱ्याला तो शंका घेतल्यासारखा वाटतो. 'कठीण होता का' याचंही तेच. कठीण म्हणाल्या तर बढाई वाटते, सोपा म्हणाल्या तर स्वतःच्या मेहनतीवर पाणी. उत्तर येतं, 'छान होता, नक्की करा.'

उत्तर हवं असेल तर प्रश्न कोर्सच्या एका भागावर ठेवा. 'सगळ्यांत जास्त सराव कोणत्या भागाला लागला?' याचं उत्तर देताना कोर्सची निंदाही होत नाही आणि स्वतःची स्तुतीही. बोलायचं होतं ते मोकळेपणाने बोलता येतं. आणि त्या एका उत्तरातून तुम्हाला अवघडपणा, वेळ आणि स्वतःची तयारी या तिन्हींचा अंदाज येतो.

'रोज किती तास' यात आणखी एक गोम आहे. तुम्ही दोघं एकाच कंपनीत. साहेब आणि एचआर दोघेही ते वाचणार. ताईंनी 'रोज दोन तास' लिहिलं की ते कधी, ऑफिसच्या वेळेत का, असा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतो. म्हणून 'रोज' काढा. आठवड्याचा हिशोब विचारा, नाहीतर वेळ हा विषयच खासगीत न्या.

राजवाडा_इंदूर

मीही हाच कोर्स करतोय! इंदूरहून. नाव घातलंय, व्हिडिओ बघतोय, सहा असाइनमेंट दिल्यात. पण परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला, तारीख गेली. आता असाइनमेंटवर प्रमाणपत्र मिळेल का? कुणाला माहीत असल्यास कृपया सांगा.

दांडियाबाजार

राजवाडा, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण उत्तर देऊन टाकतो. कोर्सला नाव घालणं फुकट आणि परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी 1000 रुपये. सेंटरवर जाऊन परीक्षा दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. दोन्ही बाजू पास व्हाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30. मुदत वाढवल्याची घोषणा कधीकधी होते, म्हणून कोर्सच्या पानावरच्या सूचना आणि ईमेल आजच बघा. मुदत वाढलेली नसेल तर या सत्रात व्हिडिओ पूर्ण बघा आणि तोच कोर्स पुन्हा लागेल तेव्हा नाव घाला. असाइनमेंट नव्याने द्याव्या लागतात का ते त्या वेळच्या सूचनांत बघा.

राजवाडा_इंदूर

धन्यवाद काका. बघतो लगेच. पुन्हा लागला तर मकरपुरा यांच्यासोबतच करीन.

सयाजीगंजकर

मेधाताई, पटलं. पण माझा असाइनमेंटचा मुद्दा कुणीच घेतला नाही. मग त्या 22 मार्कांचं कौतुक करायचं की नाही?

दांडियाबाजार

मुद्दा घेण्यासारखा आहे, फक्त 'सगळ्यांनाच मिळतात' हे अर्धंच खरं. 12 आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यांत चांगल्या 8 असाइनमेंट धरतात, आणि मुदत संपेपर्यंत उत्तरं बदलून पुन्हा पाठवता येतात. म्हणून जो नियमित राहतो त्याचे 25 पैकी वीसच्या वर सहज जातात. पण नियमित राहणं हेच नोकरी करणाऱ्याला जड जातं. दर आठवड्याची मुदत ठरलेली असते, ती गेली की ती असाइनमेंट शून्य. चार आठवडे चुकले तरी निभतं, पाचवा चुकला की मार्कांना गळती लागते.

54 वेगळं बोलतात. परीक्षा सेंटरवरच्या संगणकावर, देखरेखीखाली, एकाच बैठकीत. तिथे उत्तर बदलून पाहायला दुसरा दिवस मिळत नाही. म्हणून 22 चिकाटीचे आणि 54 अभ्यासाचे, असं मी वाचतो. कौतुक या फरकाला धरून केलंत तर ते ताईंच्या कामाचं कौतुक होतं. नुसतं 'अप्रतिम यश' लिहिलं तर ते कोणत्याही पोस्टला चालतं.

ग्वाल्हेरची_मेधा

इथे थोडा मतभेद. आकडे कमेंटमध्ये लिहू नका. ताईंनी फोटोत दाखवलेत हे खरं, पण आपण 'परीक्षेत 54' असं लिहिलं की वाचणाऱ्याची नजर 75 मधून गेलेल्या 21 कडे जाते. आणि त्याच ऑफिसात कुणाला 60 असतील, कुणाला 35. तुलना सुरू होते. 'सिल्व्हर' म्हणा, ते त्यांनी स्वतः लिहिलंय.

दांडियाबाजार

आकडा नसला तरी चालेल, फक्त दोन गोष्टींचा वेगळा उल्लेख राहू दे. मला आकड्यात काही वावगं वाटत नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

मकरपुरा_क्यूए

सगळ्यांचे आभार. कोर्सचं पान उघडून आठवड्यांची यादी बघितली. डीएमएआयसीच्या क्रमानेच आहे: आधी डिफाइन, मग मेझर, ॲनलाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल. नवीन मसुदा:

"ताई, मनापासून अभिनंदन! 12 आठवडे एकही असाइनमेंट न चुकवता नोकरी सांभाळणं, आणि वर परीक्षा देऊन सिल्व्हर मिळवणं, सोपं नाही. मला जुलैत हाच करायचा आहे. एक सांगाल का, व्हिडिओंशिवाय सगळ्यांत जास्त सराव कोणत्या भागाला लागला? मिनीटॅब तुम्ही कुठून मिळवलंत? आणि आपल्या लाइनवर गेज आर अँड आर करून बघितलंत तेव्हा किती टक्के आलं?"

दांडियाबाजार

पहिली दोन वाक्यं चांगली जमलीत, फक्त 'एकही असाइनमेंट न चुकवता' हे तुम्हाला ठाऊक नाही. 8 धरल्या जातात, म्हणजे 22 मार्क दोन-तीन असाइनमेंट चुकवूनही पडू शकतात. माहीत नसलेलं कौतुकात घालू नका, ताईंना ते खोटं वाटेल. 'असाइनमेंट वेळेवर देत राहणं' म्हणा.

सरावाचा प्रश्न नेमका आहे, तेवढाच ठेवा. शेवटचे दोन मात्र काढाच.

मिनीटॅब या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं आधी सांगतो. 30 दिवसांची फुकट चाचणी मिळते, पण कोर्स 12 आठवड्यांचा. उरलेल्या दिवसांत माणूस कंपनीचं लायसन्स वापरतो, एक्सेलवर भागवतो, नाहीतर कुणाकडून तरी घेतलेली प्रत चालवतो. ताईंनी यातलं काय केलं ते आपल्याला माहीत नाही. 'कंपनीच्या लायसन्सवर केलं' असं त्यांनी सरळ मनाने लिहिलं आणि ते लायसन्स फक्त एका विभागासाठी घेतलेलं असेल, तर आयटीवाले उद्या विचारणार. म्हणजे साध्या प्रश्नाने आपण त्यांना अडचणीत आणतो. हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत, समोरासमोर.

गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापात साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे किती फरक पडतो त्याची तपासणी, हा प्रश्न त्याहून धोक्याचा. तुम्ही सप्लायर क्वालिटीत आहात, तुम्हाला कळेल. 10 टक्क्यांच्या आत असेल तर मोजमापाची पद्धत चांगली, 30 च्या वर गेलं तर ती वापरायच्या लायकीची नाही, मधलं कामाप्रमाणे ठरवायचं. आता ताईंनी 'आपलं 34 टक्के आलं' असं लिहिलं तर? तुमचे ग्राहक आणि ऑडिटर दोघेही लिंक्डइनवर आहेत. ज्या मापाने माल पास करून पाठवला त्या मापावरच विश्वास नाही, असं कंपनीच्या माणसाने जाहीर लिहिल्यासारखं होईल. 8 टक्के आलं असेल तरी तो कंपनीचा आतला आकडा आहे, बाहेर जायला नको. कोर्समधलं काय कामाला आलं हे विचारायला हरकत नाही, पण आपल्या लाइनचे आकडे, ग्राहकांची नावं, रिजेक्शनचे टक्के यातलं काहीही उत्तरात यावं लागेल असा प्रश्न कमेंटमध्ये नको.

सयाजीगंजकर

हेच तर मी म्हणत होतो. खासगीत विचारा.

दांडियाबाजार

हे दोन खासगीत, होय. तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू. पण सरावाचा प्रश्न चारचौघांत विचारला तर ताईंचंच भलं होतं.

मांजलपूर_वहिनी

मधेच विचारते. पोस्ट इंग्रजीत आहे ना? मग कमेंट मराठीत का? आपल्याकडे ऑफिसात अर्धे लोक गुजराती, साहेब कदाचित तमिळ. मराठीत लिहिलेलं त्यांना कळणार नाही, आणि दोन मराठी माणसं आपसात काहीतरी बोलतायत असं वाटेल.

मकरपुरा_क्यूए

वहिनी, आम्ही ऑफिसात एकमेकांशी मराठीतच बोलतो. इंग्रजीत लिहिलं तर ताईंना परकं वाटेल. पण तुमचा मुद्दा डोक्यात होताच.

ग्वाल्हेरची_मेधा

वहिनींशी मी सहमत आहे. ज्या भाषेत पोस्ट, त्या भाषेत कमेंट. ताईंनी पोस्ट फक्त तुमच्यासाठी लिहिलेली नाही.

दांडियाबाजार

मला उलट वाटतं. बडोद्यात गुजराती सहकारी पोस्टवर गुजरातीत बिनधास्त लिहितात, कुणी बोट दाखवत नाही. मराठीत लिहिलेल्या प्रश्नाला ताईंचं उत्तर जास्त मोकळं येईल, आणि तुम्हाला तेच हवंय. बाकीच्यांना कळायला हवं असेल तर अभिनंदनाची पहिली ओळ इंग्रजीत, प्रश्न मराठीत.

मांजलपूर_वहिनी

अर्धं इंग्रजी अर्धं मराठी मला तरी बरं दिसत नाही. असो.

मकरपुरा_क्यूए

शेवटी मराठीतच टाकलं:

"ताई, मनापासून अभिनंदन! नोकरी सांभाळून 12 आठवडे असाइनमेंट वेळेवर देत राहणं हे एक, आणि सेंटरवर बसून परीक्षा देऊन सिल्व्हर मिळवणं हे दुसरं. दोन्हींचं कौतुक. जुलैच्या सत्रात मीही नाव घालणार आहे. कोर्सचं पान बघितलंय. व्हिडिओंशिवाय हातानं सगळ्यांत जास्त सराव कोणत्या भागाला लागला, ते सवडीने सांगाल का?"

ग्वाल्हेरची_मेधा

छान झालं. 'सवडीने' घातलंत ते विशेष आवडलं, त्यांच्यावर लगेच उत्तर द्यायचं दडपण नाही. आता उत्तर येईपर्यंत दुसरी कमेंट टाकू नका आणि आठवणही करू नका.

मकरपुरा_क्यूए

आज दुपारी उत्तर आलं. ताईंनी पोस्टखालीच लिहिलंय म्हणून इथे देतो:

"धन्यवाद! डिफाइन भाग ऐकून समजतो. ॲनलाइजमधलं हायपोथेसिस टेस्टिंग आणि ॲनोव्हा मात्र कागद-पेन घेऊन दोन-दोनदा सोडवलं. तिथे व्हिडिओइतकाच वेळ सरावाला गेला. डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्सला त्याहून थोडा कमी. असाइनमेंटवर विसंबू नकोस, परीक्षेत प्रश्न फिरवून येतात. कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स आधी उजळून घे."

खूप काही मिळालं असं वाटतंय, पण याचा नेमका हिशोब कसा करू?

दांडियाबाजार

बघा, 'कठीण होता का' विचारलं असतं तर यातली एक ओळही आली नसती.

हिशोब सोपा आहे. व्हिडिओ आठवड्याला अडीच-तीन तास धरा. ॲनलाइजच्या आठवड्यांत तेवढाच वेळ आणखी, म्हणजे पाच-सहा तास. बाकीच्या आठवड्यांत व्हिडिओ आणि असाइनमेंट मिळून चार तास पुरावेत. कारखान्यात महिनाअखेरीला तुमची धावपळ असते. सत्र लागल्यावर आठवड्यांची तारखेसकट यादी मिळते, तेव्हा ॲनलाइजचे आठवडे महिनाअखेरीला येतात का ते आधी बघून घ्या. येत असतील तर व्हिडिओ जमतील तेवढे आधीच बघून ठेवा. जुन्या सत्राची व्याख्यानं यूट्यूबवर एनपीटीईएलच्या वाहिनीवर असतात, त्यासाठी सत्र सुरू व्हायची वाट बघायला नको.

'प्रश्न फिरवून येतात' हे महत्त्वाचं वाक्य. असाइनमेंटमध्ये पी-व्हॅल्यू देऊन निष्कर्ष विचारला असेल, तर परीक्षेत तक्ता देऊन डिग्रीज ऑफ फ्रीडम काढायला लावतात, या प्रकारचा फरक. असाइनमेंटची उत्तरं पाठ करणारा इथे अडकतो. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात. तेव्हा बरोबर आलेलं उदाहरणसुद्धा आकडे बदलून एकदा सोडवा.

'उजळून घे' याचा अर्थ पूर्ण पुस्तक नव्हे. सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा तक्ता वाचणं आणि झेड व टी यांतला फरक, इतकं हातात बसलं तरी सुरुवातीला पुरतं. नमुना लहान आणि लोकसंख्येचं स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत नसेल तर टी. हे न बघता झेडचा तक्ता उघडणं ही पहिली ठेच. ती बसली की नाही ते कसं ओळखाल? तुमचं उत्तर पर्यायांपैकी एकाच्या जवळपास येतं, पण जुळत नाही.

सयाजीगंजकर

आता परत काही लिहायचं का? की 'धन्यवाद' पुरे?

ग्वाल्हेरची_मेधा

लिहायचं, एक ओळ. त्यांच्या उत्तरातली एक गोष्ट उचलून. म्हणजे 'धन्यवाद ताई, जूनमध्ये आधी टी-टेस्ट आणि ॲनोव्हाची गणितं हाताने सोडवतो, मग नाव घालतो.' त्यांनी वेळ काढून लिहिलेलं वाचलं गेलं हे त्यांना कळतं, आणि त्याच पोस्टखाली तिसरा कुणी ते वाचून तयारीला लागतो. त्यात पुन्हा प्रश्न नको. एका पोस्टखाली एकाच माणसाचे चार प्रश्न झाले की पोस्ट ताईंची राहत नाही, तुमची होते.

मिनीटॅब, नोट्स आणि लाइनवरचा उपयोग हे खासगीत. तेही एका दमात नको. आधी मिनीटॅब विचारा, कारण त्याचं उत्तर सत्र सुरू व्हायच्या आत हवं.

मकरपुरा_क्यूए

एक ओळ लिहिली. मिनीटॅबचं जेवणाच्या सुट्टीत विचारलं. ताई म्हणाल्या, परीक्षेला सॉफ्टवेअर लागतच नाही. पडद्यावर निकालाचा तक्ता दिसला तर तो वाचता यायला हवा. म्हणून त्यांनी चाचणीचे 30 दिवस ॲनलाइजच्या आठवड्यांसाठी राखून ठेवले होते, बाकी एक्सेलवर. सत्राच्या सुरुवातीलाच चाचणी सुरू केली असती तर गरजेच्या वेळी ती संपलेली असती.

राजवाडा_इंदूर

हे मला आधी कळलं असतं तर! मी पहिल्याच आठवड्यात सुरू केली होती. काका, परीक्षेची मुदत वाढलेली नाही, बघितलं. आता पुन्हा कोर्स लागला की नव्याने करतो. नोट्स मागू का ताईंकडे, मकरपुरांच्या ओळखीने?

ग्वाल्हेरची_मेधा

राजवाडा, ओळख नसताना दुसऱ्यामार्फत नोट्स मागू नका. ताईंना नाही म्हणता येणार नाही आणि द्यायच्याही नसतील. व्याख्यानांच्या खाली स्लाइड्स आणि मजकूर उतरवून घ्यायला मिळतो का ते आधी बघा, बऱ्याच कोर्सना असतो.

मांजलपूर_वहिनी

भाषेचं राहिलंच. ताईंनी मराठीतच उत्तर दिलं, म्हणजे मकरपुरांचं बरोबर निघालं म्हणायचं का? त्यांच्या साहेबांनी त्याखाली काही लिहिलं का?

मकरपुरा_क्यूए

साहेबांनी नुसता अंगठा दिलाय, वहिनी. वाचून दिला की न वाचता, ते काही कळायला मार्ग नाही.